रुजू होण्यापूर्वीचा एक आठवडा

आपल्या व्यापारी घराण्यांत शब्दाला मोल असते. आडतीवर कापसाचा सौदा तोंडी ठरतो, हुंडी गेली तरी तिची रीत मनात राहते, आणि ‘एकदा बोललो म्हणजे झाले’ या वृत्तीचा आपल्याला अभिमान वाटतो. हीच वृत्ती आपली मुले नोकरीकडे घेऊन जातात तेव्हा एक अडचण उभी राहते. कंपनीने निवड केली, मुलाने होकार दिला, तारीख ठरली. आता पुन्हा कागद मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखविणे, असे त्याला वाटते. म्हणून रुजू होण्याची तारीख आठवड्यावर आली तरी हातात ऑफर लेटरची प्रत नसते, पहिल्या दिवशी नेमके कोठे आणि काय घेऊन जायचे हेही ठाऊक नसते, आणि घरचेही ‘तिथे गेल्यावर कळेलच’ म्हणून गप्प बसतात.

मागील वर्षी घनसावंगी येथील एका परिचित घरात हाच प्रसंग आला होता. वडिलांचे बी-बियाणे व खतांचे दुकान. कन्या बी.कॉम. झालेली, सीए इंटरचा एक ग्रुप उत्तीर्ण. महाविद्यालयातील मुलाखतींतून पुण्याच्या एका कंपनीत लेखा विभागात तिची निवड झाली होती आणि ६ जुलै, सोमवार हा रुजू होण्याचा दिवस ठरला होता. जूनच्या शेवटच्या आठवड्यात वडील सहज भेटले, तेव्हा मी ऑफर लेटर पाहण्यास मागितले. कन्येने मोबाइल उघडला, बराच वेळ शोधले, आणि अखेर म्हणाली, “काका, तीन महिन्यांपूर्वी एक लिंक आली होती. त्यात पत्र उघडले, वाचले आणि ‘स्वीकार’ केले. आता ती लिंक उघडतच नाही.”

हे अपवादात्मक नाही. पत्र हरवण्याची कारणे ठरावीक आहेत. हल्ली बहुतेक कंपन्या पत्र कागदावर पाठवीत नाहीत. त्यांच्या भरती-पोर्टलची लिंक पाठवितात आणि तिची मुदत काही दिवसांची असते. उमेदवार ‘स्वीकार’ करतो, पण पीडीएफ उतरवून ठेवीत नाही. दुसरे कारण महाविद्यालयाने दिलेल्या ईमेल पत्त्याचे. शेवटचा निकाल लागला की अनेक संस्था तो पत्ता बंद करतात आणि त्यातला सारा पत्रव्यवहार त्याबरोबर जातो. तिसरे कारण कंपनीच्या आतले आहे. निवड करणारी मंडळी आणि रुजू करून घेणारी मंडळी निरनिराळी असतात. मुलाखत घेणाऱ्याचे काम होकार मिळताच संपते; पुढची सूत्रे एचआरच्या दुसऱ्या शाखेकडे जातात आणि उमेदवार मात्र जुन्याच माणसाला विचारीत राहतो. तो माणूस तोवर नोकरी सोडून गेलेलाही असू शकतो.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढील सारे त्यावर उभे आहे. ऑफर लेटर आणि जॉइनिंगच्या सूचना हे दोन स्वतंत्र कागद आहेत. पहिला सांगतो की काय ठरले: पद, वेतन, कामाचे ठिकाण, परिवीक्षा काळ, सूचना-मुदत, करारनाम्याच्या अटी. दुसरा सांगतो की ते प्रत्यक्षात कसे घडणार: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या इमारतीत, कोणाला भेटायचे, कोणती कागदपत्रे न्यायची. पहिला हाती असून दुसरा नसेल तर काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्या देशाने पाहिले आहे. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतील सुमारे दोन हजार तरुण अभियंत्यांना ऑफर लेटर दिली होती, पण रुजू होण्याची तारीख दोन वर्षांहून अधिक काळ लांबत गेली. पुण्यातील ‘नाइट्स’ या माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली आणि त्यानंतर काही आठवड्यांत कंपनीने रुजू होण्याच्या तारखा कळविण्यास आरंभ केला. त्या मुलांच्या हाती पत्र होते, तारीख नव्हती. म्हणून मागावयाचे ते दोन्ही कागद, एकाच पत्रात, पण वेगवेगळे नाव घेऊन.

कन्येच्या वडिलांची शंका वेगळीच होती. ते म्हणाले, “साहेब, एकदा हो म्हटले आहे. आता कागद मागितला तर त्यांना वाटेल, पोरगी शंका घेते. नोकरी हातची जाईल.” मी त्यांना विचारले, “भाऊ, कर्ज मंजूर झाले म्हणून मी तुम्हाला तोंडी सांगितले असते, तर मंजुरीपत्र हाती येण्याआधी तुम्ही गोदामाचा पाया खणला असता का?” बँकेत उलट अनुभव असतो. मंजुरीपत्राची दुसरी प्रत मागणारा कर्जदार आम्हाला कधी संशयी वाटला नाही; अटी न वाचता सही करणाराच पुढे त्रासाचा ठरला. एचआरच्या टेबलावर बसलेल्या माणसाचेही तेच असते. रोज अशी दहा पत्रे त्याच्याकडे येतात, आणि प्रत पुन्हा पाठविणे हे त्याच्या दृष्टीने दोन मिनिटांचे काम आहे.

एक आठवडा हीच मुदत का, याचेही उत्तर व्यवहारातच आहे. महिनाभर आधी विचारले तर पुष्कळदा सूचनाच तयार नसतात. त्या रुजू होण्यापूर्वी सात ते दहा दिवस आधी निघतात. दोन दिवस आधी विचारले तर उत्तर आले तरी त्यावर काही करण्यास वेळ उरत नाही. विद्यापीठाचे प्रमाणपत्र छत्रपती संभाजीनगरहून आणावयाचे असेल, डॉक्टरांचा दाखला लागत असेल, खोली बदलावी लागत असेल, तर चार-पाच कामाचे दिवस हवेतच. शिवाय महिनाअखेरीस एचआरची माणसे पगारपत्रकात बुडालेली असतात. ६ जुलैचे रुजू होणे म्हणजे २९ जूनचे पत्र, आणि २९ व ३० जून हे नेमके त्याच घाईचे दिवस. म्हणून पत्र सोमवारी सकाळी दहा-अकरापर्यंत जावे, दुपारनंतर नव्हे.

पत्र इंग्रजीत लिहिले जाते; आशय पुढीलप्रमाणे असावा, असे मी कन्येला सुचविले.

“महोदय, माझी निवड लेखा विभागातील अमुक पदासाठी झाली असून मी ६ जुलै रोजी रुजू होत आहे. ऑफर मी एप्रिलमध्ये आपल्या पोर्टलवरून स्वीकारली आहे. परंतु ती लिंक आता बंद असल्याने माझ्याजवळ पत्राची प्रत नाही. कृपया स्वीकारलेल्या ऑफर लेटरची पीडीएफ प्रत, वेतनाच्या तपशिलासह, मला पाठवावी. तसेच जॉइनिंगच्या सूचना, म्हणजे येण्याची वेळ, पूर्ण पत्ता, भेटावयाच्या व्यक्तीचे नाव व दूरध्वनी आणि आणावयाच्या कागदपत्रांची यादी कळवावी. मी जालना जिल्ह्यातून येणार असल्याने प्रवासाची व राहण्याची व्यवस्था करावयाची आहे. बुधवारपर्यंत उत्तर मिळाल्यास सोयीचे होईल.” खाली पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक आणि उमेदवार क्रमांक.

या मजकुरात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. ‘रुजू होत आहे’ हे प्रथमच म्हटले असल्याने मागणीचा सूर माघारीचा राहत नाही. कारण दिले आहे, आणि ते खरे आहे. बुधवार ही मुदतही दिली आहे, पण सोयीच्या शब्दांत. ‘तातडीने’, ‘त्वरित कार्यवाही करावी’ असे सरकारी शब्द टाळावेत. हे पत्र निवड करणाऱ्याला आणि एचआरच्या सर्वसाधारण पत्त्याला, दोघांनाही एकाच वेळी जावे. निवड करणारा निघून गेला असेल तरी दुसरीकडे ते पोहोचते. आणि ते स्वतःच्या खासगी ईमेलवरून, स्वतःच्या नावाने जावे. वडिलांच्या मोबाइलवरून किंवा दुकानाच्या ईमेलवरून गेलेले पत्र एचआर अनेकदा बाजूला ठेवते, कारण उमेदवाराच्या वेतनाचा तपशील दुसऱ्या कोणाला पाठविण्याची त्यांना मुभा नसते. याच कारणाने वडिलांनी किंवा काकांनी परस्पर फोन करू नये. आपल्याकडे मुलाच्या नोकरीसाठी घरातील वडीलधारी मंडळी पुढे होतात, त्यात माया असते हे खरे. पण कंपनीच्या दृष्टीने ती सही करणारी व्यक्ती नव्हे.

बुधवारी उत्तर आले नाही. गुरुवारी सकाळी कन्येने स्वतः फोन केला. कंपनीचा क्रमांक तिने पूर्वीच्या ईमेलमधून नव्हे, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतला, आणि स्वागतकक्षातून एचआरच्या रुजू-शाखेशी जोडून मागितला. तिकडच्या बाईंनी नाव शोधले, ‘पत्र निघाले आहे, पण जुन्या पत्त्यावर’ असे सांगितले, आणि तासाभरात दोन्ही कागद आले. महाविद्यालयाचा तो बंद झालेला ईमेल पत्ताच त्यांच्या नोंदीत होता. फोन संपल्यावर तिने दोन ओळींचे आभारपत्र पाठविले आणि त्यात नवा पत्ता नोंदवून घेण्याची विनंती केली. ही दुसरी पायरी पुष्कळजण विसरतात. पत्ता जुनाच राहिला तर पुढे वेतनपत्रकही तिकडेच जाते.

पत्राची पीडीएफ उघडण्यास बहुधा संकेतशब्द लागतो. तो जन्मतारखेचा वा पॅन क्रमांकाचा असतो आणि सोबतच्या ईमेलमध्ये सांगितलेला असतो. उघडताच ती प्रत दोन ठिकाणी साठवावी आणि एक छापून फाईलला लावावी.

आता त्या कागदांतून काय निघाले ते पाहा. ठिकाण प्रथम. मुलाखतीत हिंजवडीचे कार्यालय दाखविले होते, म्हणून घरच्यांनी तिकडेच मुलींच्या वसतिगृहात खोली पाहिली होती. रविवारी दोन महिन्यांची अनामत द्यावयाची होती. जॉइनिंगच्या सूचनांत मात्र पहिले तीन महिने प्रशिक्षण चाकणच्या कारखान्यात, असे लिहिले होते. हिंजवडी ते चाकण हे अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचे आणि वाटेत औद्योगिक वाहनांची सततची कोंडी. हे सोमवारी सकाळी फाटकावर कळले असते तर अनामतीचे १८,००० रुपये अडकून पडले असते. गुरुवारी कळल्यामुळे खोली चाकणच्या बाजूला पाहता आली. कन्येने त्याच वेळी एचआरला आणखी एक प्रश्न विचारला: कारखान्यासाठी कंपनीची बस आहे का आणि ती कोठून सुटते? बस होती, आणि तिचा थांबा पाहूनच नवी खोली निवडली गेली.

मग वेतन. तोंडी बोलण्यात ‘महिना चाळीस हजार’ असा शब्द होता आणि घरात सर्वांच्या मनात तोच आकडा बसला होता. पत्रात वार्षिक ४,८०,००० रुपये होते. बाराने भागले तर चाळीस हजार येतात, म्हणजे शब्द खोटा नव्हता. पण ही रक्कम कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चाची असते, हाती येणाऱ्या पगाराची नव्हे. तपशील असा होता: मूळ वेतन २०,०००, घरभाडे भत्ता ८,०००, विशेष भत्ता ८,६३८, कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील हिस्सा २,४०० आणि उपदानाची तरतूद ९६२. यांची बेरीज चाळीस हजार. त्यातील शेवटच्या दोन रकमा कन्येच्या खात्यात दरमहा येणार नाहीत. निधीचा हिस्सा तिच्या निधी-खात्यात जातो. उपदान नियमित नोकरीत सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतरच देय होते. म्हणजे वेतनपत्रकावरील एकूण वेतन ३६,६३८. त्यातून तिचा स्वतःचा निधी-हिस्सा मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे पुन्हा २,४०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये वजा झाले की हाती ३४,०३८ रुपये राहतात. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० रुपये असतो, म्हणून वर्षाचा आकडा २,५००. या वेतनावर नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही. काही पत्रांत एकूण रकमेचा काही भाग ‘कामगिरीनुसार’ असतो आणि तो वर्षाअखेरीस मिळतो किंवा मिळत नाही. तो या पत्रात नव्हता, पण पाहावयास हवाच.

वडिलांनी हा हिशोब पाहून प्रथम कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हणालो, “भाऊ, दुकानात विक्री आणि नफा यांत तुम्ही कधी गोंधळ करीत नाही. हे तेच आहे.” फसवणूक नव्हती, फक्त घराचे अंदाजपत्रक चुकीच्या ओळीवर बेतले होते.

आणखी एक गोष्ट सूचनांतून कळली, ती म्हणजे पगाराचा दिवस. वेतन संहितेनुसार मासिक वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यावे लागते. ही कंपनी महिनाअखेरीस देत होती, पण त्यासाठी पगाराचे खाते वेळेत उघडले पाहिजे. बँकेत असताना मी पाहिले आहे की नव्याने रुजू झालेल्याचे खाते कागदपत्रांतील तफावतीमुळे दहा-बारा दिवस अडले की पहिला पगार पुढच्या महिन्याच्या पगारासोबतच पडतो. म्हणून पुण्याला जाणाऱ्या मुलाजवळ खोलीच्या अनामतीखेरीज दोन महिन्यांचा खर्च असावा, असे मी प्रत्येक घरात सांगतो.

कागदपत्रांच्या यादीत घनसावंगीच्या या कन्येची खरी अडचण निघाली आणि ती आपल्या समाजात फार घरांत आहे. आधार कार्डावर तिचे आडनाव ‘जैन’ होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आणि पदवी प्रमाणपत्रावर घराण्याचे आडनाव होते. पॅन कार्ड आधारावरून काढल्यामुळे तेथेही ‘जैन’. आजोबांच्या काळी शाळेच्या रजिस्टरात एक नाव, पुढे शिधापत्रिकेवर दुसरे, असे चालत आलेले. गावात कोणाचे काही अडत नाही. पण भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, आधारावरील नावाने निघतो, आणि कंपनी आपल्या नोंदीत पदवीवरील नाव घेते. दोन्ही जुळले नाहीत की केवायसी अडते, आणि पार्श्वभूमी तपासणारी संस्था ‘पदवी अन्य व्यक्तीची’ अशी नोंद करू शकते. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करणे हा त्यावरील पक्का उपाय, पण तो आठवड्यात होत नाही. कन्येने गुरुवारीच एचआरला दोन्ही नावे सांगितली आणि विचारले की दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र चालेल का. उत्तर आले, ‘सध्या चालेल, सहा महिन्यांत दुरुस्ती करावी.’ प्रतिज्ञापत्र शुक्रवारी झाले. आधीच सांगितलेली तफावत आणि तपासणीत सापडलेली तफावत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला एचआर मार्ग सुचवते, दुसरीला खुलासा मागते.

यादीत मूळ प्रमाणपत्रे आणा असे असेल तर ती दाखवून त्याच दिवशी परत घ्यावीत आणि स्वतःच्या सहीच्या छायाप्रती द्याव्यात. ‘मूळ कागद आमच्याजवळ ठेवा’ असे कोणी म्हणाले तर ते कशासाठी आणि किती काळासाठी हे ईमेलवर विचारावे.

आता अटींकडे येतो. पत्र न वाचता स्वीकारल्याचा परिणाम किती दूर जातो हे आमच्याच क्षेत्रातील एका निकालाने दाखविले आहे. विजया बँकेच्या भरतीत अशी अट होती की अधिकाऱ्याने किमान तीन वर्षे सेवा करावी, अन्यथा दोन लाख रुपये भरावेत. एका अधिकाऱ्याने तीन वर्षे पूर्ण होण्याआधी राजीनामा दिला, दोन लाख निषेध नोंदवून भरले आणि न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी तो फिरविला. नोकरीत असतानाचे असे बंधन हे १८७२ च्या करार कायद्यातील कलम २७ अन्वये व्यवसायावरील बंधन ठरत नाही, आणि सार्वजनिक बँकेला पुनर्भरतीवर होणारा खर्च पाहता ही रक्कम अवाजवी नाही, असे न्यायालयाने म्हटले. यावरून प्रत्येक खासगी कंपनीचा कोणताही बाँड वैध ठरतो असे नाही; रक्कम आणि परिस्थिती पाहिली जाते. पण ‘असले बाँड न्यायालयात टिकत नाहीत’ हे जे चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगितले जाते, त्यावर विसंबू नये. कन्येच्या पत्रात बाँड नव्हता, सूचना-मुदत मात्र ९० दिवसांची होती, आणि ती तिने एप्रिलमध्ये वाचलीच नव्हती. आता निदान जाणून सही झाली.

स्वीकारलेल्या पत्रात आणि पहिल्या दिवशी समोर येणाऱ्या पत्रात फरक असू शकतो, म्हणूनही जुनी प्रत हवी. रुजू होण्याच्या दिवशी नियुक्तीपत्र दिले जाते, त्यावर पाच-सहा ठिकाणी सह्या घेतल्या जातात, मागे रांग असते, आणि कोणी वाचत नाही. फाईलमध्ये जुने पत्र असेल तर पद, ठिकाण, वेतन आणि सूचना-मुदत हे चारच मुद्दे ताडून पाहण्यास पाच मिनिटे लागतात. फरक दिसला तर सही करण्यापूर्वी शांतपणे म्हणावे, “या कलमात आधीच्या पत्रापेक्षा वेगळे दिसते, कृपया पाहाल का?” टंकलेखनाची चूक असेल तर ती तेथेच दुरुस्त होते. चूक नसेल तर तेही तेथेच कळते.

कायद्याचा आधार विचाराल तर तो नियुक्तीपत्राला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्या सहाव्या कलमान्वये मालकाने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीच्या वेळी नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे. रुजू होण्यापूर्वीचे ऑफर लेटर पुन्हा पाठविण्याची सक्ती त्यात नाही. ते रीतीने आणि विनंतीने मिळते. (आपल्यापैकी ज्यांच्या पेढीवर, जिनिंगवर किंवा कारखान्यात दहा वा अधिक माणसे आहेत, त्यांनीही ही संहिता नजरेखालून घालावी. मुलाच्या कंपनीकडून पत्राची अपेक्षा ठेवणाऱ्या कित्येक घरांत स्वतःच्या मुनीमजींना तीस वर्षांत एक ओळ लिहून दिलेली नसते.)

दोनदा लिहून आणि एकदा फोन करूनही उत्तर आले नाही तर? शुक्रवार दुपारपर्यंत दोहोंपैकी एकही कागद हाती नसेल, तर महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागाला सांगावे. कंपनीत त्यांच्या ओळखीचा एक माणूस नक्की असतो आणि पुढील वर्षीच्या भरतीसाठी कंपनीला त्यांची गरज असते. तरीही मौनच असेल तर सामान बांधून निघण्याऐवजी तारीख निश्चित करून मागणारे पत्र पाठवावे आणि सध्याची नोकरी असल्यास तिचा राजीनामा रोखून धरावा.

मौनाहून वाईट उत्तर एकच, पैशांची मागणी. “पत्र पाठवितो, पण लॅपटॉपची अनामत भरा”, “पडताळणी शुल्क भरा”, “गणवेशाचे पैसे या क्रमांकावर टाका” असे उत्तर आले की समजावे, पलीकडे कंपनी नाही. नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट ऑफर लेटर सर्रास फिरतात आणि त्यांवरील बोधचिन्ह अगदी हुबेहूब असते. ओळखण्याची खूण बोधचिन्हात नसून ईमेल पत्त्यात असते. पत्र कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आले आहे की मोफत ईमेल सेवेवरून, हे ‘अॅट’च्या पुढील अक्षरे एकेक करून वाचावे; एखादे अक्षर वाढविलेले असते. पत्राच्या तळाशी कंपनीचा एकवीस अक्षरांचा नोंदणी क्रमांक असतो, तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत पत्ता दिसतो. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे; पहिल्या काही तासांत कळविले तर रक्कम पुढच्या खात्यात गोठविली जाण्याची शक्यता राहते. प्रतीची मागणी ही या दृष्टीनेही एक परीक्षा आहे. खरी कंपनी प्रत पाठविते. बनावट कंपनी घाई करते.

कन्येचे शनिवार-रविवार तयारीत गेले. शनिवारी तिने गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढल्या, पारपत्र आकाराची छायाचित्रे घेतली आणि रद्द केलेला धनादेश, पॅन, आधार, प्रतिज्ञापत्र असे यादीच्याच क्रमाने फाईलमध्ये लावले. रविवारी पहाटे वडिलांसह ती जालन्यामार्गे पुण्याला निघाली. सोमवारी साडेआठला चाकणच्या फाटकावर रखवालदाराने नाव विचारले तेव्हा त्याच्या यादीत ते नव्हते. यादी हिंजवडीच्या कार्यालयाची होती. तिने सूचनांचा छापील कागद पुढे केला, त्यावरील बाईंच्या क्रमांकावर फोन लावून दिला, आणि दहा मिनिटांत तिला आत घेतले.